निमुळत्या टोकापर्यंत उष्णता किती पोहोचते?

सोल्डरिंग स्टेशनच्या पडद्यावर ३५० अंश सेल्सिअस दिसत असतात. सर्किट बोर्डावर काम करणारा कारागीर लांब, सुईसारख्या टोकाची बिट लावून बारीक पाय असलेले भाग भराभर सोल्डर करत जातो. मग ग्राउंडला जोडलेली एखादी पिन येते. तिच्याखाली तांब्याचा भलामोठा पत्रा पसरलेला असतो. टोक टेकवलं, की सोल्डर वितळायच्या ऐवजी दाणेदार लगद्यासारखं होतं आणि कधी कधी टोकच तिथे चिकटून बसतं. हात काढून पडद्याकडे पाहावं तर आकडा अजूनही ३५० च्या आसपासच असतो. बिट रिकामी धरून टोकाचं तापमान मोजलं, तर तेही जवळपास तेवढंच भरतं. मग दोष सोल्डरला दिला जातो, नाहीतर फ्लक्सला, आणि शेवटी तापमानाचं बटण वर फिरवलं जातं.

दोष बहुतेक वेळा बिटच्या आकारात असतो. तो किती, हे कागदावर काढता येतं. त्यासाठी घन शंकूतून होणाऱ्या उष्णतावहनाचं गणित करावं लागतं, आणि बारावीच्या संकलनापलीकडचं त्यात काही नाही. मला हे गणित फार आवडतं, कारण त्याचं उत्तर इतकं सुटसुटीत निघतं की एकदा पाहिल्यावर विसरत नाही. आणि ज्यांना संकलन येत नाही तेसुद्धा साध्या बेरजेने त्या उत्तराच्या अगदी जवळ जाऊ शकतात.

आधी बिटची मापं ठरवून घेऊ. तांब्याची एक बिट घ्या, लांबी ५० मिलिमीटर. हीटरकडच्या रुंद बाजूची त्रिज्या ६ मिलिमीटर, टोकाची त्रिज्या १ मिलिमीटर, आणि मधला उतार सरळ. दहावीच्या भूमितीत ज्याला शंकुछेद म्हणतात, तोच हा आकार. तांब्याची उष्णतावाहकता या तापमानाला साधारण ३९० वॅट प्रति मीटर प्रति अंश धरायला हरकत नाही. ग्राउंडची ती पिन टोकातून २० वॅट उष्णता ओढून घेते असं समजू. हीटरची ताकद पुरेशी आहे आणि रुंद बाजू तो ३५० अंशांवर टिकवून धरतो. प्रश्न एवढाच, की त्या वेळी टोकाचं तापमान किती असेल?

जाडी सगळीकडे सारखी असलेल्या दांड्यासाठी उत्तर सोपं आहे. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली उष्णतेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या नियमानुसार उष्णतेचा दर वाहकतेच्या, छेदाच्या क्षेत्रफळाच्या आणि तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो, आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात.

```
Q = k A (T1 - T2) / L
```

आपली बिट शेवटपर्यंत ६ मिलिमीटर त्रिज्येचीच असती, तर २० वॅट वाहून नेताना दोन टोकांत फक्त २३ अंशांचा फरक पडला असता. पण ती निमुळती आहे, मग सूत्रातल्या `A` च्या जागी घालायचं काय? परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत याची दोन उत्तरं हमखास सापडतात. काही जण दोन्ही बाजूंच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतात. त्यातून फरक येतो ४४ अंश. काही जण दोन त्रिज्यांची सरासरी घेऊन, म्हणजे साडेतीन मिलिमीटर त्रिज्या धरून क्षेत्रफळ काढतात. त्यातून येतात ६७ अंश. दोन्ही पद्धती वरकरणी समंजस वाटतात आणि दोन्ही साफ चुकतात.

चूक कुठे होते ते समजून घेण्यासाठी आत काय चाललं आहे ते नीट पाहू. सगळं स्थिरावलेलं आहे, तापमान आता बदलत नाही, आणि बिटच्या कडेने उष्णता बाहेर पडत नाही असं तूर्त धरू. मग रुंद बाजूने दर सेकंदाला जेवढी उष्णता आत येते, तेवढीच प्रत्येक छेदातून पुढे जायला हवी. ती मध्ये साठत नाही आणि कुठे गळतही नाही. म्हणजे २० वॅट हा आकडा सुरुवातीपासून टोकापर्यंत तोच राहतो. बदलते ती जागा. रुंद बाजूचं क्षेत्रफळ टोकाच्या ३६ पट आहे, त्यामुळे तेवढीच उष्णता टोकाशी ३६ पट दाटीने वाहते. तिला त्या दाटीतून ढकलायला तापमानाचा उतारही ३६ पट तीव्र लागतो. रुंद बाजूला एक मिलिमीटर पुढे सरकलं की तापमान अर्धा अंशही उतरत नाही. टोकाशी मात्र एका मिलिमीटरला १६ अंश या वेगाने ते कोसळत असतं.

एकूण दर सगळीकडे सारखा आणि दर चौरस मिलिमीटरचा दर जागोजागी वेगळा, या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित बिघडतं. सरासरी क्षेत्रफळ घेणारा माणूस नकळत रुंद बाजूला जास्त वजन देतो. उष्णतेची खरी अडचण असते अरुंद बाजूला. तापमानाची घट क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे सरासरी काढायचीच असेल तर ती क्षेत्रफळाची नव्हे, `1/A` ची काढायला हवी.

आता बिटचे आडवे काप करू. दर दहा मिलिमीटरला एक, असे पाच काप. प्रत्येक काप स्वतंत्र नळकांडं आहे असं मानायचं आणि त्याची त्रिज्या कापाच्या मधोमध जेवढी असेल तेवढी धरायची: साडेपाच, साडेचार, साडेतीन, अडीच आणि दीड मिलिमीटर. प्रत्येक कापात किती अंश उतरतात ते फूरिये यांच्या सूत्राने काढायचं आणि बेरीज करायची. विजेचे रोध एकसर जोडणीत जसे एकापुढे एक मिळवतो, तशीच ही बेरीज. ती येते साधारण १२५ अंश. सरासरीच्या ४४ आणि ६७ अंशांपासून आपण एकदम दूर आलो. पाचाऐवजी दहा काप केले तर बेरीज १३३ होते. काप अधिक पातळ करत गेलं की आकडा वाढत जातो, पण प्रत्येक वेळी कमी कमी वाढतो आणि एका ठरावीक संख्येजवळ येऊन थबकतो. ती संख्या कोणती, हे कापांची संख्या न वाढवता एका झटक्यात सांगणं, एवढंच काम संकलन करतं.

ते असं. `dx` जाडीच्या एका पातळ कापात तापमान जेवढं उतरतं ते

```
-dT = Q dx / (k π r²)
```

इथे `r` बदलती आहे, पण सरळ उतारामुळे ती `x` बरोबर सारख्या वेगाने कमी होते. पूर्ण `L` लांबीत ती `r1` वरून `r2` वर येते. म्हणून `x` ऐवजी `r` मध्येच संकलन केलं तर हिशेब हलका होतो. `1/r²` चं संकलन `-1/r` हे बारावीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतं. सीमा घातल्या की `1/r2 - 1/r1` असा फरक मिळतो, आणि त्यातला `r1 - r2` हा भाग उताराच्या छेदातल्या तशाच भागाशी कटून जातो. उरतं ते एवढंच:

```
Q = k π r1 r2 (T1 - T2) / L
```

हे सूत्र जरा वेळ पाहत राहण्यासारखं आहे. नळकांड्याच्या सूत्रात जिथे `r²` असतो, तिथे इथे दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार आला, बाकी काहीही बदललं नाही. म्हणजे निमुळत्या दांड्यासाठी योग्य क्षेत्रफळ अस्तित्वात आहे, आणि ते दोन्ही क्षेत्रफळांचा भूमितीय मध्य आहे. सहा आणि एक यांचा गुणाकार सहा. त्याचं वर्गमूळ सुमारे २.४५. आपली बिट उष्णतेच्या दृष्टीने २.४५ मिलिमीटर त्रिज्येच्या सरळ दांड्यासारखी वागते, साडेतीनच्या नव्हे. या त्रिज्येने फरक येतो १३६ अंश, आणि पातळ होत जाणारे आपले काप याच संख्येकडे निघाले होते.

आता ३५० मधून १३६ वजा करा. टोक २१४ अंशांवर आहे. शिसं नसलेलं, कथील-चांदी-तांब्याचं नेहमीचं सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं आणि २२० ला पूर्ण पातळ होतं. म्हणजे पडद्यावर ३५० दिसत असताना टोक सोल्डरच्या वितळणबिंदूच्याही खाली गेलेलं आहे. तिथे दाणेदार लगदा होणार नाही तर काय होणार? जुनं ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. ते याच टोकाने वितळलं असतं, जरी वरची ३१ अंशांची ऊब चांगल्या जोडासाठी तोकडीच. त्या सोल्डरवर वर्षानुवर्षं चाललेली बिट नव्या सोल्डरवर अचानक बिघडल्यासारखी का वाटते, याचा उलगडा इथे होतो. बिट तीच आहे. पूर्वी तिच्या आकाराचा तोटा सोल्डर सांभाळून घेत होतं.

रिकाम्या बिटचं टोक मोजल्यावर सगळं ठीक का दिसतं, याचंही उत्तर याच सूत्रात आहे. टोक कशालाही टेकलेलं नसलं की त्यातून जाणारी उष्णता म्हणजे फक्त भोवतालच्या हवेला मिळणारी. शेवटच्या दहा मिलिमीटरच्या कडेतून बाहेर पडणारी उष्णता अर्ध्या वॅटहूनही कमी भरते. तेवढ्या किरकोळ प्रवाहाला तिथे दोनेक अंशांची घट पुरते. फरक प्रवाहावर अवलंबून असतो, आणि प्रवाहच नसला तर फरकही नसतो. म्हणून बिटची परीक्षा रिकामी धरून होत नाही, तिला ओझं द्यावं लागतं. तांब्याच्या जाड तुकड्याला ती काही सेकंद टेकवून ठेवून टोकाशेजारचं तापमान पाहिलं, तर खरी गोष्ट कळते. अनेक स्टेशनांत तापमापक हीटरजवळ, बिटच्या मागच्या बाजूला असतो. तो ३५० दाखवतो तेव्हा खोटं बोलत नाही, आपल्या जागेचं तापमान सांगतो.

पुढे एक बारकावा आहे, आणि बिट निवडताना मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. ही १३६ अंशांची घट लांबीभर सारखी वाटलेली नाही. सूत्राने मधोमध, म्हणजे २५ मिलिमीटरवर काय आहे ते काढलं, तर तोवर फक्त १९ अंश उतरलेले असतात. पहिल्या ४० मिलिमीटरमध्ये मिळून ५४ अंश जातात, आणि शेवटच्या दहामध्ये उरलेले ८२. म्हणजे लांबीच्या शेवटच्या पाचव्या भागात एकूण घटीचा ६० टक्के वाटा संपतो. आलेखावर तापमानाची रेषा सुरुवातीला जवळजवळ सपाट चालते आणि टोकाकडे कड्यासारखी तुटते. निमुळत्या दांड्यात दोन्ही बाजूंच्या तापमानांमध्ये सरळ रेषा मारून मधलं तापमान काढणं म्हणूनच चुकीचं ठरतं. सरळ रेषेने मध्यबिंदू २८२ अंशांवर आला असता. खरा तो सुमारे ३३० वर आहे.

टोक आणखी बारीक केलं तर काय होईल? त्रिज्या अर्धा मिलिमीटर केली, तर `r1 r2` निम्मा होतो आणि तेवढ्याच तापमानफरकाला २० ऐवजी १० वॅटच टोकापर्यंत पोहोचतात. पुढच्या वेळी पाव मिलिमीटर, तर पाच वॅट. आणि टोक खरोखरच बिंदू असेल, म्हणजे `r2` शून्य, तर उत्तरही शून्य: हीटर कितीही तापवा, गणिती शंकूच्या शिखरातून उष्णता बाहेर पडूच शकत नाही. प्रत्यक्षात असं अचूक टोक नसतं, पण सुईबिटची ताकद कुठल्या दिशेने घसरते हे यावरून स्पष्ट होतं.

हे सगळं आपण काही गोष्टी गृहीत धरून काढलं, आणि त्या कितपत टिकतात हे तपासलं पाहिजे. कडेने उष्णता जात नाही असं आपण म्हटलं. प्रत्यक्षात या बिटचा बाजूचा पृष्ठभाग सुमारे ११ चौरस सेंटिमीटर आहे, आणि स्थिर हवेत तो सगळा मिळून साधारण पाच वॅट बाहेर टाकतो. आकडा लहान नाही. पण त्यातला मोठा भाग रुंद अर्ध्यातून जातो, म्हणजे ती उष्णता अरुंद भागातून प्रवासच करत नाही. त्यामुळे टोकाच्या हिशेबाला तिचा फारसा धक्का लागत नाही. हीटरला मात्र तेवढं जास्तीचं काम पडतं. बिट तांब्याची न राहता पोलादाची असती, तर कडेची गळती दुर्लक्षून चाललं नसतं आणि फिनचं वेगळं समीकरण मांडावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट लोखंडाच्या मुलाम्याची. तांबं वितळलेल्या कथलात हळूहळू विरघळतं, म्हणून आजच्या बिटांच्या टोकावर लोखंडाचा थर असतो. लोखंडाची वाहकता तांब्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. टोकाच्या एक मिलिमीटर त्रिज्येपैकी ०.२ मिलिमीटर जरी लोखंड असेल, तरी तांब्याचं क्षेत्रफळ ६४ टक्केच उरतं. म्हणजे आपली १३६ अंशांची घट खऱ्या बिटमध्ये आणखी वाढेल, आणि तीही नेमकी जिथे आधीच उतार तीव्र आहे तिथे.

तिसरं गृहीतक सगळ्यात खोलवरचं आहे. प्रत्येक सपाट कापाचं तापमान सगळीकडे एकच, मध्याशी आणि कडेशी सारखं, असं आपण बोलता बोलता मानून टाकलं. शंकूत ते काटेकोर खरं नाही. कडेजवळची उष्णता तिरकी चालते, आणि समान तापमानाचे पृष्ठभाग सपाट न राहता किंचित गोलाकार होतात. लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात विजेच्या रोधाबाबत जो युक्तिवाद केला, तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. सपाट कापाचं तापमान एकच मानणं म्हणजे तिथे परिपूर्ण वाहकाचा पातळ पत्रा घालण्यासारखं आहे. असा पत्रा प्रवाह अडवू शकत नाही, फक्त सुलभ करू शकतो. म्हणून आपल्या सूत्राने मिळणारा उष्णतेचा दर खऱ्या दरापेक्षा नेहमी थोडा जास्तच असतो, कधीही कमी नाही. चूक किती, हे उतारावर ठरतं. आपल्या बिटची बाजू अक्षाशी सहा अंशांहूनही कमी कोन करते, त्यामुळे चूक नगण्य आहे. शंकू बसका झाला की ती वाढते.

आणि नेमका बसका शंकूच आपल्याला हवा आहे. टोक तेच, एक मिलिमीटरचं ठेवू. एकूण लांबीही ५० मिलिमीटरच. फक्त पहिले ४० मिलिमीटर बिट ६ मिलिमीटर त्रिज्येची सरळ नेऊ आणि निमुळतेपण शेवटच्या दहा मिलिमीटरमध्ये आटपू. सरळ भागात २० वॅटला १८ अंश जातात, शंकूच्या भागात सूत्राने २७. इथे बाजूचा कोन साडेसव्वीस अंश झाला आहे, म्हणून सपाट कापांवर भरवसा ठेवता येत नाही; गोलाकार पृष्ठभाग धरून पुन्हा हिशेब केला तर २७ चे सुमारे २९ होतात. दुरुस्ती लागली, पण ती दीड-दोन अंशांची. एकूण घट ४७ अंशांच्या आसपास, म्हणजे टोक ३०० अंशांच्या वर. तेच टोक, तोच हीटर, तेवढीच लांबी, आणि तापमानात जवळपास ९० अंशांचा फरक.

लांब सुईबिटने टोकाला तेवढंच तापमान मिळवायचं, तर स्टेशन ४४० अंशांवर ठेवावं लागेल. ओझं आहे तोवर ते जमेल. पण टोक उचललं की प्रवाह थांबतो, घट नाहीशी होते, आणि टोकही ४४० अंशांकडे धावतं. त्या तापमानाला मुलामा काळा पडतो, त्यावर सोल्डर धरत नाही, फ्लक्स काम करण्याआधीच जळून जातो, आणि पुढच्या नाजूक जोडावर टेकवलं की बोर्डावरचं तांब्याचं पॅड उखडून येऊ शकतं. जड जोडासाठी वाढवलेलं तापमान हलक्या जोडाचा घात करतं.

लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत बिट घ्यायला जाल तेव्हा टोकाची बारीकी तर पाहाच, पण बिट टोकाच्या किती मागे जाऊन जाड होते हेही पाहा. नजर टोकाच्या मागच्या दहा मिलिमीटरवर ठेवा. बारीक पायांच्या जागी सुईबिट जरूर वापरा. ग्राउंडच्या पिनेवर मात्र आखूड उताराची किंवा छिन्नीच्या टोकाची बिट लावा, आणि तापमानाच्या बटणाला हात लावू नका.